बर्मिंगहॅमची मोड आणि सोऱ्याचे तेजाब

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून चांदीची म्हणून जी भांडी बाहेर पडत, त्यांतली बरीचशी आतून तांब्याची असत. तांब्याच्या विटेवर चांदीचा पत्रा ठेवायचा, भट्टीत दोन्ही एकजीव करायचे आणि मग रुळांखालून लाटून त्याचा पत्रा काढायचा, ही युक्ती १७४० च्या दशकात शेफिल्डमध्ये निघाली होती. बर्मिंगहॅमने ती उचलली आणि तिच्यावर धंदा उभा केला. मध्यमवर्गीयांच्या टेबलावर चहाच्या किटल्या, मेणबत्त्यांचे दिवे, ताटल्या झळकू लागल्या. पण पत्र्यातून किटली कापून घेतली की भोवती कातरण उरते. त्या कातरणीत चांदी थोडी आणि तांबे फार. आपल्याकडचा सोनार मोडीतला कणही वाया जाऊ देत नाही, तसाच तिथला कारखानदारही. ही चांदी तांब्यापासून सोडवायची कशी, हा रोजच्या पैशाचा प्रश्न होता.

हाताशी असलेले एकच नेहमीचे हत्यार म्हणजे सोऱ्याचे तेजाब, म्हणजेच आजचे नायट्रिक आम्ल. सोन्यातून चांदी वेगळी करायला ते शेकडो वर्षे वापरात होते, कारण ते चांदी खाते आणि सोन्याला हात लावत नाही. इथे मात्र त्याचा उपयोग नव्हता. ते चांदी खाते तसे तांबेही खाते, आणि कातरणीत तांबे तर दसपट. पातळ चांदीसाठी सगळे तांबे विरघळवायचे म्हणजे चांदीपेक्षा तेजाबाचाच खर्च जास्त.

हा प्रश्न सोडवला जेम्स कीर नावाच्या स्कॉटिश माणसाने. कीर (१७३५–१८२०) आधी सैन्यात कॅप्टन होता. नोकरी सोडल्यावर तो स्टोअरब्रिजच्या काचकारखान्यात रमला, मॅकेर या फ्रेंच रसायनज्ञाच्या रसायनकोशाचे इंग्रजी भाषांतर त्याने केले आणि पुढे टिप्टन इथे अल्कली व साबणाचा कारखाना काढला. बर्मिंगहॅमच्या ‘लूनर सोसायटी’चा तो सदस्य. जेम्स वॉट, मॅथ्यू बोल्टन, एरॅस्मस डार्विन, जोसेफ प्रीस्टली अशी मंडळी पौर्णिमेच्या आसपास एकमेकांच्या घरी जमत, म्हणजे रात्री घोड्यावरून परतताना चांदणे मिळे. शास्त्र आणि धंदा यांत भिंत घालणे त्यांच्यापैकी कुणालाच मान्य नव्हते, आणि कीरला तर मुळीच नाही.

त्याने केले ते असे. आठ-दहा पौंड तीव्र गंधकाम्लात एक पौंड सोरा विरघळवला. हे मिश्रण लुकण दिलेल्या मातीच्या पसरट भांड्यात ओतले, कातरण त्यात टाकली आणि मंद आचेवर, पाणी उकळण्याच्या तापमानाखालीच, ढवळत ठेवली. चांदी विरघळली, तांबे जवळजवळ जसेच्या तसे राहिले. मग द्रवात मीठ टाकले की चांदी पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसते आणि तो साका मुशीत पोटॅशबरोबर आटवून पुन्हा चांदी मिळते. बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी ही रीत लगेच आपलीशी केली.

या रीतीतली एक गोष्ट कीरला फार विचारात पाडणारी होती. मिश्रणात पाणी घातले की त्याचा स्वभाव फिरत असे. चांदीवरचा जोर ओसरे आणि ज्या तांब्याला ते आतापर्यंत शिवत नव्हते त्याच्यावर ते चालून जाई. म्हणजे कातरण ओली असेल तर सगळा डाव फसायचा. घटक तेच, धातू तेच, फरक फक्त पाण्याचा. आम्ल विरल झाले म्हणजे ते नुसते अशक्त होते, असे कुणालाही वाटेल. कीरच्या भांड्यात ते अशक्त होत नव्हते, वेगळे होत होते.

तेजाब कसे काढत, हे इथे सांगायला हवे, कारण त्याची तीव्रता बनवण्याच्या रीतीवरच ठरे. इंग्लंडमधला सोरा बहुतांशी आपल्याकडून जाई. बिहारमध्ये नोनिया लोक गावाच्या कडेची, गोठ्यांजवळची खारट माती खरवडून, पाण्यात भिजवून, गाळून आणि आटवून सोऱ्याचे स्फटिक काढत. पाटण्याहून तो माल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून लंडनला पोचे. बहुतेक माल बंदुकीच्या दारूसाठी, थोडा तेजाब काढणाऱ्यांसाठी.

तेजाबाची जुनी रीत तेराव्या-चौदाव्या शतकापासूनची. सोरा, हिराकस आणि तुरटी एकत्र कुटून मातीच्या किंवा काचेच्या रिटॉर्टमध्ये भरायची आणि तापवत जायचे. हिराकशीतून गंधकाम्लाची वाफ निघते, ती सोऱ्यातले आम्ल मोकळे करते, आणि ते लांब चोचीतून थेंबथेंब दुसऱ्या भांड्यात उतरते. हिराकशीत बांधलेले पाणीही त्याबरोबर येत असल्याने हे तेजाब बरेच विरल असे. सतराव्या शतकाच्या मध्याला अॅमस्टरडॅममध्ये राहणाऱ्या योहान ग्लाउबर या जर्मन रसायनकाराने हिराकशीचा वळसा टाळला आणि सोऱ्यावर थेट तीव्र गंधकाम्ल ओतून ऊर्ध्वपातन केले. त्यातून जे निघाले ते झाकण उघडताच धूर सोडणारे, पिवळट-तांबूस, अतितीव्र आम्ल होते. म्हणजे संहत आणि विरल, असे या आम्लाचे दोन भाऊ दोन वेगळ्या भट्ट्यांतून जन्मले, आणि पुढचा गोंधळ त्या दोघांना एकच समजण्यातून झाला.

ग्लाउबरची रीत शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांत अजून आहे:

KNO3 + H2SO4 → KHSO4 + HNO3

हिशेबाने १०१ ग्रॅम सोऱ्याला ९८ ग्रॅम गंधकाम्ल लागते आणि फार तर ६३ ग्रॅम नायट्रिक आम्ल मिळते. रिटॉर्ट सगळा काचेचा हवा. बूच किंवा रबर लावले तर वाफ ते खाऊन टाकते. आच मात्र सांभाळावी लागते. तापमान २०० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवले तर मागे उरणारा आम्लक्षार वितळलेलाच राहतो आणि गरम असताना ओतून काढता येतो. लोभाने आच वाढवली तर तोच क्षार आणखी सोऱ्याशी झगडून जास्त आम्ल सोडू शकतो, अर्धेच गंधकाम्ल पुरते, हेही खरे. पण त्या उष्णतेत निघालेले नायट्रिक आम्लच फुटते आणि तांबूस धूर होऊन जाते, शिवाय तळाशी पोटॅशियम सल्फेटची दगडासारखी ढेप बसून काच तडकते. तांबडा धूर जास्त दिसू लागला की आच जास्त झाली, हे जुन्या काळचे तेजाबवाले डोळ्यांनीच ओळखत. ताजे आम्ल मुळात रंगहीन असते. बाटलीत उभे राहिले, उजेड लागला की ते थोडेथोडे फुटून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि तो आत विरघळून पिवळेपणा येतो.

सोने शुद्ध करणाऱ्यांना दुसरीच काळजी असे. सोऱ्यात मीठ मिसळलेले असले, आणि बिहारच्या मातीतल्या सोऱ्यात ते असायचेच, तर तेजाबात क्लोरिनचा अंश येई. असे तेजाब म्हणजे अर्धे अम्लराज. ज्याच्यावर भरवसा ठेवून सोने टाकले तेच सोने खाऊ लागले, तर टांकसाळीतल्या कस काढणाऱ्याचे काय होईल? यावर अॅग्रिकोलाच्या १५५६ च्या खाणशास्त्रावरील ग्रंथाच्या काळीच उपाय माहीत होता. वापरण्याआधी तेजाबात चांदीचा छोटा तुकडा विरघळवायचा. क्लोरिनचा अंश असेल तर दुधासारखा पांढरा साका पडतो. तो बसू द्यायचा आणि वरचे निवळ आम्ल वेगळे करायचे. चाचणी आणि शुद्धी एकाच कामात उरकते.

याच कस काढणाऱ्यांना तीव्रतेचे महत्त्व पहिल्यांदा बोटांनी कळले होते. नमुन्यातल्या सोन्यात अडीच ते तीनपट चांदी मिसळून त्याचा पातळ पत्रा लाटायचा, गुंडाळी करायची आणि तेजाबात उकळायची. चांदी कमी पडली तर आम्ल आतपर्यंत पोचत नाही आणि सोने चांदी धरून ठेवते. फार झाली तर सोन्याचा भुगा होतो आणि कण वाहून जातात. गुंडाळी आधी विरल आम्लात आणि मग तीव्र आम्लात उकळायची, हा क्रमही ठरलेला. सुरुवातीलाच तीव्र आम्ल घातले तर वायू इतक्या जोराने सुटतो की नाजूक गुंडाळी फाटते. विरल आम्ल बरीचशी चांदी शांतपणे नेते, मग उरलेली शेवटची चांदी तीव्र आम्ल ओढून काढते. उरलेली तपकिरी, सच्छिद्र गुंडाळी तापवली की सोन्याचा रंग येतो आणि मग ती तराजूवर जाते. आज आपल्या दागिन्यांवर हॉलमार्क उमटतो त्यामागच्या प्रयोगशाळेत, अचूक तपासणीसाठी, मूलतः हीच रीत चालते.

विरल आणि संहत आम्लातून नेमके काय निघते, हे पाहणारा माणूस मात्र कारखानदार नव्हता, धर्मोपदेशक होता. जोसेफ प्रीस्टली तेव्हा लीड्समध्ये होता. स्टीफन हेल्सच्या एका जुन्या प्रयोगात माक्षिकाच्या दगडावर सोऱ्याचे तेजाब ओतल्यावर निघालेली हवा साध्या हवेत मिसळताच तांबडी होते, असे त्याने वाचले होते. तसला दगड कुठून मिळवायचा, या विवंचनेत असताना हेन्री कॅव्हेंडिशने त्याला सुचवले की गुण दगडात नसून तेजाबात असावा, दुसरा धातू चालेल. ४ जून १७७२ रोजी प्रीस्टलीने पितळ घेतले आणि काम झाले. मग तांबे, लोखंड, चांदी, पारा, एकेक धातू त्याने तपासला. निघालेला वायू रंगहीन होता, पाण्यावर गोळा होत होता, आणि हवेचा बुडबुडा शिरताच तांबडा होऊन पाण्यात शोषला जात होता. हाच आजचा नायट्रिक ऑक्साइड, NO. प्रीस्टलीने त्याला नायट्रस हवा म्हटले.

त्याने या वायूचा लगेच उपयोग केला. साधी हवा दोन मापे आणि नायट्रस हवा एक माप पाण्यावर मिसळली की तांबडा धूर होतो, पाण्यात जातो आणि एकूण आकारमान घटते. हवा जितकी ‘चांगली’ तितकी घट जास्त. म्हणजे हवेचा कस लावायचे एक साधन मिळाले. १७७५ च्या मार्चमध्ये, पाऱ्याच्या लाल भस्मातून काढलेला वायू साध्या हवेपेक्षा सरस आहे, हे त्याला याच चाचणीने कळले. ऑक्सिजनच्या इतिहासात तांबे आणि सोऱ्याचे तेजाब असे मागच्या दाराने आले आहेत.

पण संहत आम्लात तांबे टाकले तर? तेव्हा भांड्यातूनच तांबूस-तपकिरी धूर उसळतो, हवेची वाट न पाहता. द्रव हिरवा होतो; पाणी घातले की निळा. हा वायू वेगळा आहे, नायट्रोजन डायऑक्साइड, NO2. प्रीस्टली पाण्यावर वायू गोळा करत होता आणि नेमकी तीच त्याची अडचण होती: हा धूर पाण्यातून जाताना पाण्याशी बांधला जातो, त्यातून पुन्हा नायट्रिक आम्ल आणि नायट्रिक ऑक्साइड होतो. म्हणजे आत काहीही निघो, पाण्याच्या कुंडापलीकडे बहुतांशी रंगहीन वायूच पोचत होता. पाण्याऐवजी पारा वापरावा तर हा धूर पाऱ्यालाही खातो. असा दोन्हीकडून कोंडीत धरणारा वायू.

दोन समीकरणे शेजारी मांडली की फरक दिसतो:

Cu + 4HNO3 (संहत) → Cu(NO3)2 + 2NO2 + 2H2O
3Cu + 8HNO3 (विरल) → 3Cu(NO3)2 + 2NO + 4H2O

पहिल्या नजरेला हे उलटे वाटते. संहत आम्ल जास्त जोरदार, मग नायट्रोजनचा जास्त मोठा पाडाव त्यानेच करायला हवा होता. प्रत्यक्षात संहत आम्लात नायट्रोजन एकच पायरी उतरतो आणि विरल आम्लात तीन पायऱ्या. यामागचे कारण मला या सगळ्या विषयातले सर्वांत देखणे वाटते. तांब्याजवळ दोन्ही वेळी नायट्रिक ऑक्साइडसारखे खालच्या पायरीचे पदार्थ तयार होतात. पण ते भोवतालच्या नायट्रिक आम्लातून वाट काढत बाहेर येताना त्याच्याशी बोलतात:

2HNO3 + NO ⇌ 3NO2 + H2O

ही क्रिया दोन्ही दिशांनी चालते. भोवती आम्ल दाट आणि पाणी कमी असेल तर ती उजवीकडे झुकते: नायट्रिक ऑक्साइड वाटेतच पुन्हा वर चढवला जातो आणि तांबडा धूर बाहेर पडतो. भोवती पाणी भरपूर असेल तर ती डावीकडे झुकते आणि रंगहीन वायू सुटतो. प्रीस्टलीच्या पाण्याच्या कुंडात जे घडत होते तेच विरल आम्लात आधीच घडून गेलेले असते. यावरून हेही उमगते की प्रत्यक्षात शुद्ध एकच वायू क्वचितच मिळतो. साधारण अर्धे आम्ल, अर्धे पाणी घेतले तर दोन्ही वायू निघतात, आणि क्रिया चालू असताना आम्ल खर्च होत जाते तसे त्यांचे प्रमाणही बदलत जाते. पुस्तकातले समीकरण हा दोन टोकांचा हिशेब आहे, मधल्या रस्त्याचा नव्हे.

धंद्याच्या भाषेत हा फरक पैशांत मोजता येतो. साडेत्रेसष्ट ग्रॅम तांबे विरघळवायला संहत आम्लाच्या समीकरणाने २५२ ग्रॅम नायट्रिक आम्ल लागते, विरल आम्लाच्या समीकरणाने १६८ ग्रॅम. म्हणजे तिसरा हिस्सा वाचतो. चांदीलाही हेच गणित लागू: १०८ ग्रॅम चांदीला १२६ ऐवजी ८४. घाई नसेल तर पाणी घालून काम करणारा रिफायनर एक तृतीयांश आम्ल वाचवतो आणि धूरही कमी खातो. धुराबद्दल एक गोष्ट कारागिराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. नायट्रोजन डायऑक्साइड छातीत गेला तर खोकला येतो, डोळे चुरचुरतात, पण थोड्या वेळाने बरे वाटते. आणि मग काही तासांनी, कधी रात्री झोपेत, फुप्फुसात पाणी भरू लागते. त्यामुळे बरे वाटले म्हणून निश्चिंत होणे धोक्याचे. असा धूर अंगावर घेतलेल्या माणसाने दवाखाना गाठून देखरेखीखाली राहावे.

जस्ताची तऱ्हा आणखी निराळी. जस्त तांब्यापेक्षा अधिक हौसेने इलेक्ट्रॉन देते, त्यामुळे ते नायट्रोजनला आणखी खाली ढकलते. संहत आम्लात तांबडा धूर. विरल आम्लात नायट्रस ऑक्साइड, म्हणजे पुढे हास्यवायू म्हणून गाजलेला N2O. आणि आम्ल फारच विरल असेल तर वायू जवळजवळ दिसतच नाही. धातू मात्र विरघळत असतो. मग नायट्रोजन गेला कुठे? तो थेट तळाच्या पायरीला, अमोनियापर्यंत उतरतो आणि आम्लातच अमोनियम नायट्रेट होऊन राहतो. त्याला उघडे पाडण्याची युक्ती सोपी आहे: द्रवात कॉस्टिक सोडा भरपूर घालून तापवा, गोठ्याची ओळखीची झणझणीत वाफ आली आणि ओला लाल लिटमस निळा झाला की अमोनिया सापडला. हायड्रोजन मात्र सहसा निघत नाही, कारण निघण्याआधीच नायट्रिक आम्ल त्याचे पाणी करून टाकते. मॅग्नेशियम आणि मँगनीज एक-दोन टक्क्यांच्या अगदी पाणचट आम्लात टाकले तरच तो दिसतो.

आता पुन्हा कीरकडे. १७९० साली त्याने रॉयल सोसायटीपुढे धातूंचे आम्लांत विरघळणे आणि पुन्हा साक्यात येणे यावर लांबलचक निबंध सादर केला. चांदीची कातरण सोडवण्याची रीत त्यात होतीच. पण त्या निबंधाचा सगळ्यांत विचित्र भाग लोखंडाविषयीचा आहे.

चांदी विरघळलेल्या द्रवात लोखंड टाकले की चांदी त्याच्यावर साक्यासारखी बसते, हे कोणताही सोनार जाणतो. कीरने मुद्दाम असा द्रव घेतला की ज्यात तीव्र, धुरकट आम्ल शिल्लक होते. लोखंड टाकताच नेहमीप्रमाणे चांदी त्याच्यावर चढली. पण थोड्याच वेळात ती चांदी पुन्हा विरघळून नाहीशी झाली आणि लोखंड आधीसारखे लखलखीत उघडे पडले. त्यानंतर ते लोखंड जणू मेले. त्याच्यावर ना चांदी बसे, ना आम्ल त्याला खाई. कीरने ते दुसऱ्या ताज्या द्रवात टाकून पाहिले. तिथेही ते ढिम्म. दिसायला काहीही फरक नाही, तरी त्याचा स्वभाव बदललेला. मात्र पृष्ठभाग खरवडला की ते पुन्हा जागे होई. नुसत्या तीव्र आम्लात बुडवून काढलेल्या लोखंडाचेही असेच होते, हेही त्याने पाहिले. विरल आम्ल ज्या लोखंडाला फेसाळत खाते, त्याच लोखंडाला तीव्र आम्ल शिवतही नाही. उलट त्याला असे काही करून सोडते की मग विरल आम्लही हतबल होते.

निबंध वाचला गेला आणि विसरला गेला. पुढच्याच वर्षी, १४ जुलै १७९१ रोजी, बॅस्टिलच्या पाडावाच्या वाढदिवसानिमित्त बर्मिंगहॅममध्ये एक मेजवानी झाली आणि तिचे अध्यक्षस्थान कीरने स्वीकारले. मेजवानीला प्रीस्टली गेलाही नव्हता, पण जमावाचा राग त्याच्यावर निघाला. त्याचे घर, त्याची प्रयोगशाळा आणि हस्तलिखिते जळाली. काही वर्षांत तो अमेरिकेला निघून गेला. लूनर मंडळी विखुरली आणि लोखंडाचे कोडे पडून राहिले.

पुन्हा उघडले ते १८३६ साली, बासेलमध्ये. क्रिस्टियन शोनबाइन या तिथल्या प्राध्यापकाने मे महिन्यात मायकेल फॅरडेला एक पत्र लिहिले. त्याने १.३५ विशिष्ट गुरुत्वाचे, म्हणजे मध्यम तीव्रतेचे, नायट्रिक आम्ल घेतले होते. साधी लोखंडी तार त्यात बुडवली की ती जोरात विरघळे. पण तारेचे एक टोक निळसर होईपर्यंत तापवून आधी ते टोक बुडवले आणि मग बाकीची तार आत सरकवली, तर सगळी तार शांत राही. त्याहून नवल म्हणजे अशी शांत तार आम्लात असताना दुसरी साधी तार तिला चिकटवून आत सोडली, तर तीही शांत राही. स्पर्शाने गुण लागावा तसे. शोनबाइनने या अवस्थेला नाव दिले ते आजही चालते: निष्क्रियता.

फॅरडेने प्रयोग स्वतः करून पाहिले. प्लॅटिनमला टेकवलेले लोखंडही तसेच शांत होते, हे त्याने दाखवले. मग त्याने आपले मत मांडले: लोखंडाच्या पृष्ठभागावर ऑक्सिडीकरण झालेले आहे, किंवा वरचे कण ऑक्सिजनशी अशा नात्यात आहेत की त्याचा परिणाम ऑक्सिडीकरणासारखाच होतो, आणि हे आवरण आतल्या धातूला आम्लापासून वाचवते. शोनबाइनला हे पटले नाही. आवरण असेल तर दिसत का नाही? निष्क्रिय लोखंड तर पॉलिश केल्यासारखे चमकते. शिवाय लोखंडाची ऑक्साइडे आम्लात विरघळतात, मग हे का विरघळत नाही? हे आक्षेप पोरकट नव्हते आणि वाद जवळजवळ शतकभर चालला. केंब्रिजच्या यूलिक इव्हान्सने १९२७ मध्ये खालचे लोखंड काढून टाकून वरचा पारदर्शक पापुद्रा सुटा करून दाखवला तेव्हा फॅरडेच्या बाजूचे पारडे जड झाले. पापुद्रा काही नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणून चमक झाकत नाही.

संहत आम्ल आणि विरल आम्ल यांतला फरक इथे शर्यतीचा आहे. ऑक्साइडचा थर दोन्हीत तयार होतो आणि दोन्हीत विरघळतो. संहत आम्ल ऑक्सिडीकरण इतक्या झपाट्याने करते की विरघळण्याआधी थर सलग होतो, आणि एकदा सलग झाला की तो फार सावकाश विरघळतो. विरल आम्लात विरघळणे पुढे राहते आणि थर कधी जुळतच नाही. कॉलेजात दाखवला जाणारा प्रयोग याच गोष्टीचा आहे. काचेच्या भांड्यात सुमारे सत्तर टक्क्यांचे आम्ल आणि त्यात लोखंडी खिळा: काही होत नाही. हळूच पाणी सोडून आम्ल विरल करा: तरी काही होत नाही, कारण थर आधीच बसला आहे. मग काचेच्या कांडीने खिळ्यावर एक चरा ओढा. त्या एका चऱ्यापासून क्रिया सुरू होते, खिळाभर पसरते आणि भांडे तांबड्या धुराने भरते. हा प्रयोग धूर ओढणाऱ्या कपाटातच करावा.

अॅल्युमिनियमचेही असेच, आणि तिथे गोष्ट पुन्हा धंद्यावर येते. चेंबूर आणि तळोज्याच्या खत कारखान्यांत नायट्रिक आम्ल बनते ते आता सोऱ्यातून नाही. विल्हेल्म ऑस्टवाल्डने १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या मार्गाने अमोनिया आणि हवा प्लॅटिनमच्या जाळीवरून नेतात, नायट्रिक ऑक्साइड होतो, त्याला हवेने वर चढवतात आणि पाण्यात मुरवतात. शेवटच्या टप्प्यात प्रीस्टलीच्या कुंडातलीच क्रिया मनोऱ्यात उलगडते. यातून साधारण साठ टक्क्यांचे आम्ल मिळते. नुसते उकळून ते अडुसष्ट टक्क्यांपुढे जात नाही, कारण त्या प्रमाणाला पाणी आणि आम्ल एकत्रच उकळतात. त्यापुढे न्यायचे तर गंधकाम्लासारखे पाणी ओढून घेणारे काहीतरी मध्ये घालावे लागते. कीरच्या मिश्रणातही गंधकाम्लाचे काम हेच होते.

साठ टक्क्यांचे आम्ल स्टेनलेस स्टीलच्या टाकीतून नेतात. अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे नेताना मात्र अॅल्युमिनियमची टाकी वापरतात, कारण तितक्या तीव्र आम्लात स्टेनलेस स्टीलचा थर टिकत नाही आणि अॅल्युमिनियमचा टिकतो. विरल आम्लात अॅल्युमिनियम खाल्ले जाते. म्हणून अशा टाकीच्या झाकणाची गास्केट ढिली राहून पावसाचे पाणी आत झिरपले, किंवा रिकाम्या टाकीत थोडे आम्ल शिल्लक असताना ती पुरती न धुता नुसती ओली करून सोडली, तर गंज लागतो तो आम्ल भरलेल्या जागी नव्हे, तर पाणी मिसळले त्या रेषेवर.